मूक शिट्टी: घरात लगेच वळतो, मैदानात का नाही?

रानवाट

मंडळी, गेल्या पंधरा दिवसांपासून एक कोडं सुटत नाहीये, म्हणून धागा काढते आहे.

आमचा टिपू नऊ वर्षांचा आहे. अंगाने मोठा, लॅब्रॅडॉरच्या वळणाचा. मोकळं सोडलं की वासामागे लांब जातो आणि हाका मारून माझा घसा बसतो, म्हणून मी धातूची मूक शिट्टी आणली. तिच्या मागच्या टोकाला स्क्रू आहे, तो आत-बाहेर फिरवला की सूर बदलतो, आणि एक छोटा नट आहे जो आवळला की स्क्रू जागेवर राहतो. मी तो इतका आत फिरवला की मला फक्त हवेची फुसफुस ऐकू येते, सूर येत नाही. माणसाला ऐकू येत नाही तेच कुत्र्यासाठी खरं, असं माझं गणित होतं.

घरात वाजवली की टिपू हमखास मान वळवतो. मैदानात वीस पावलांवरही वळतो. पण शंभर पावलांवर गेला की कान सुद्धा हलत नाहीत. गंमत म्हणजे त्याच अंतरावरून माझ्या भावाने तोंडात बोटं घालून साधी शिट्टी मारली तर टिपू लगेच थांबला आणि आमच्याकडे बघू लागला.

कुत्र्याला ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं सगळीकडे वाचलं आहे. मग ही शिट्टी त्याला सगळ्यात आधी ऐकू यायला हवी ना? दोष शिट्टीचा, कानाचा की माझ्या शिकवण्याचा?

---

जुनापाना

रानवाटताई, या शिट्टीचा इतिहास मोठा सुरस आहे. ती फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ साली बनवली. मुळात कुत्र्यांसाठी नव्हतीच, माणसाला किती वरचा सूर ऐकू येतो हे मोजण्यासाठी होती. पुढे त्याने ती हातातल्या काठीच्या टोकाला बसवली, काठीतून रबरी नळी नेली, आणि मुठीपाशी रबरी फुगा दाबून तो प्राण्यांच्या कानाजवळ ती वाजवत फिरला. प्राणिसंग्रहालयातसुद्धा गेला होता. प्राण्याने कान टवकारले की त्याला ऐकू आलं असं तो धरायचा. मांजरं त्याच्या परीक्षेत सगळ्यांत वरचढ ठरली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच्याच १८८३ च्या पुस्तकात आहे. लहान चणीच्या कुत्र्यांना अति बारीक सूर ऐकू येतात, मोठ्यांना येत नाहीत, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. तुमचा टिपू मोठ्या अंगाचा. त्याला या शिट्टीचा उपयोग नाही, इतकं साधं आहे.

---

पहाटफेरी

माझाही अगदी हाच प्रश्न आहे. पहाटे पळायला जातो तेव्हा तीन-चार कुत्री मागे लागतात. फोनवर एक ॲप घेतलं आहे, त्यात २५ किलोहर्ट्झचं बटण आहे. दाबलं तरी कुत्र्यांवर काही परिणाम नाही. धाग्यात सांगितलेली शिट्टी त्यांना पळवून लावेल का? कोणत्या सुरावर लावायची?

---

रानवाट

पहाटफेरी, तुमचा प्रश्न थोडा उलटा आहे. मला कुत्रा जवळ यायला हवा आहे, तुम्हाला लांब जायला. पण जाणकार दोन्हीवर बोलतील तर बरंच.

जुनापाना, टिपू घरात तर वळतोच. मोठ्या कुत्र्याला ऐकूच येत नसेल तर तेव्हा कसा वळतो?

---

खर्जातला

आवाजाची मोजणी हे माझं रोजचं काम आहे आणि घरी दोन कुत्री आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाल्टनबद्दल. जुनापाना, तुम्ही त्याचं निरीक्षण बरोबर सांगितलंत, पण त्याचा निष्कर्ष टिकला नाही. कान टवकारणं म्हणजे ऐकणं, आणि न टवकारणं म्हणजे बहिरेपण, असं धरलं की शांत स्वभावाचा कुत्रा बहिरा ठरतो. १९८३ साली हेफ्नर यांनी कुत्र्यांना आधी शिकवून घेतलं की आवाज ऐकू आला तर अमुक करायचं, आणि मग एकेका सुरावर आवाज कमी करत नेला. चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंत लहानमोठी कुत्री त्यात होती. कानाच्या पडद्याचा आकार आणि डोक्याचा आकार यांत एवढा फरक असूनही वरच्या सुरांची त्यांची मर्यादा सारखीच निघाली. म्हणजे टिपू मोठा आहे हे कारण बाद.

त्याच मोजणीतून तो ४५ किलोहर्ट्झचा आकडा आला आहे, आणि तो अर्धवट सांगितला जातो. पूर्ण विधान असं आहे: आवाज ६० डेसिबल असेल तर कुत्र्याला साधारण ६७ हर्ट्झपासून ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. ६० डेसिबल म्हणजे समोरासमोर बसून बोलण्याएवढा आवाज. म्हणजे ४५ किलोहर्ट्झ ही कड आहे, तिथे कुत्र्याला ऐकू यायला आवाज चांगला मोठा लागतो. कुत्र्याचा कान सगळ्यांत तिखट आहे तो आठ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तो सूर आपल्यालाही व्यवस्थित ऐकू येतो. खालच्या, घुमणाऱ्या आवाजांत तर तो आपल्यापेक्षा सरस नाहीच.

आता टिपूचं कोडं. माझ्या मते ते त्याच्या कानात नाही, मधल्या हवेत आहे.

आवाज लांब जाताना दोन प्रकारे कमी होतो. एक तर तो पसरतो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले, सूर कुठलाही असो. दुसरं म्हणजे हवा स्वतः आवाज शोषते, आणि इथे सुरावर सगळं अवलंबून आहे. साधारण २० अंश तापमान आणि मध्यम दमट हवा धरली तर ४ किलोहर्ट्झच्या सुराला हवा शंभर मीटरला तीनेक डेसिबल खाते. २० किलोहर्ट्झच्या सुराला तेवढ्याच अंतरात पन्नासच्या आसपास. हवा कोरडी, दमट, गार असेल तसा आकडा हलतो, पण तफावत एवढीच प्रचंड राहते.

तुमची शंभर पावलं म्हणजे सत्तर मीटर धरू. समजा शिट्टी एक मीटरवर १०० डेसिबल देते. सत्तर मीटरपर्यंत पसरण्यात ३७ डेसिबल जातील. भावाची तोंडाने मारलेली शिट्टी तीन-चार किलोहर्ट्झच्या खालीच असणार, तिचे हवेत आणखी जास्तीत जास्त दोन जातील. टिपूपाशी ६१ डेसिबल उरले. त्याने मान वळवली यात नवल नाही. मूक शिट्टी २० किलोहर्ट्झवर असेल तर पसरण्याच्या ३७ वर हवेचे ३५. उरले २८. वारा, गवताची सळसळ, त्याचं स्वतःचं धापणं, आणि नाक वासात गुंतलेलं. एवढ्यात २८ डेसिबलचा आवाज हरवून जातो. घरात पाच मीटरवर हीच शिट्टी ८४ डेसिबलने पोचते, म्हणून तिथे तो हमखास वळतो.

१०० डेसिबल हा आकडा मी हिशोबासाठी धरला आहे, तुमची शिट्टी मोजलेली नाही. उलट स्क्रू खूप आत गेला की शिट्टीचा जोरही बहुधा कमी होतो, म्हणजे प्रत्यक्षात २८ पेक्षाही कमी उरत असतील.

---

रानवाट

हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मुद्दाम ती मला ऐकू येईनाशी केली, आणि त्यानेच तिचा पल्ला गेला!

पण माझी शिट्टी नक्की कोणत्या सुरावर आहे हे कसं कळणार? स्क्रूवर आकडे नाहीत.

---

खर्जातला

दोन मार्ग आहेत, दोन्ही करा.

पहिला मोजपट्टीचा. शिट्टीच्या आत जी पोकळी उरते ती एका बाजूने बंद नळी असते. तिची लांबी जितकी, त्याच्या चौपट आवाजाची लहर. सूत्र इतकंच:

```
f = c / (4 × L)
```

`c` म्हणजे आवाजाचा वेग, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, आणि `L` म्हणजे शिट्टीच्या खाचेपासून स्क्रूच्या आतल्या टोकापर्यंतची लांबी. दोन सेंटीमीटर पोकळी असेल तर सुमारे ४.३ किलोहर्ट्झ, एक सेंटीमीटरला ८.६, आणि अर्ध्या सेंटीमीटरला १७. प्रत्यक्ष सूर याहून थोडा खाली येतो, कारण तोंडापाशी हवेचा स्तंभ जरा बाहेर सरकल्यासारखा वागतो. पण या आकड्यांवरून हे लक्षात येईल की शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये सूर किती झपाट्याने चढतो. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की शिट्टी पार वेगळी. तो नट सैल असेल आणि खिशात स्क्रू अर्धा वेढा फिरला, तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही, कारण तुम्हाला सूर ऐकूच येत नाही. मूक शिट्टीची माझ्या मते ही सगळ्यांत मोठी अडचण. जे वाद्य वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही ते बेसूर झालेलं त्याला कळणार कसं?

दुसरा मार्ग फोनचा. आवाजाचा वर्णपट दाखवणारं एखादं ॲप घ्या, फोन एक मीटरवर ठेवा आणि शिट्टी वाजवा. जिथे उंच सुळका दिसेल तो तुमचा सूर. हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा वाजवून बघा, कारण फुंकरीच्या जोरानेही सूर हलतो. फोनची मर्यादा ध्यानात असू द्या. तो सेकंदाला ४८ हजार नमुने घेत असेल तर २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्याला दिसतच नाही, आणि त्याच्या अलीकडेही माइक मंद होत जातो. सुळका दिसला तर तो खरा. दिसला नाही म्हणून आवाज नाही असं समजू नका.

पहाटफेरी, तुमच्या ॲपचं उत्तरही यातच आहे. फोनमधला आवाज बहुतेक वेळा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांचा असतो. त्याच्या निम्म्याहून वरचा सूर त्यातून निघूच शकत नाही. पहिल्या हिशोबात २२ हजार हर्ट्झला भिंत लागते, दुसऱ्यात २४ हजारला. २५ चं बटण एक तर काहीच काढत नाही, नाहीतर खालचाच कुठला तरी भलता सूर काढतं. त्यात फोनचा नखाएवढा स्पीकर त्या टोकाला जवळजवळ मुका असतो. कुत्री तुमच्याकडे दुर्लक्ष करत नव्हती, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नसावं.

---

पहाटफेरी

धन्यवाद, ॲप काढून टाकतो. मग हातात धरायचं वेगळं यंत्र मिळतं ते? त्यावर १३० डेसिबल लिहिलेलं असतं.

---

खर्जातला

किती अंतरावर १३० हे लिहिलेलं आहे का ते आधी बघा. दहा सेंटीमीटरवर मोजलेले १३० म्हणजे एक मीटरवर ११०. दहा मीटरवर पसरण्याचे आणखी २० गेले, आणि २५ किलोहर्ट्झला हवेचे सहाएक. उरले ८४ च्या आसपास. कुत्र्याला हे नक्की ऐकू जाईल, पण "ऐकू गेलं" आणि "पळून गेलं" यांत मोठं अंतर आहे. शिवाय २५ किलोहर्ट्झची लहर दीड सेंटीमीटरहूनही लहान, त्यामुळे आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. पळता पळता हात हलला की झोत बाजूला. चवताळलेल्या कुत्र्यावर त्याच्या भरवशाने जाऊ नका. पळणं थांबवा, हळू चाला, हीच मला खात्रीची वाट वाटते.

---

शेजारीण

या झोतावरून माझी हकीकत सांगते. आमच्या शेजारचा कुत्रा दिवसभर भुंकायचा, म्हणून मी भुंकणं थांबवणारं पेटीसारखं यंत्र घेतलं. भुंकणं ऐकलं की ते आपोआप अल्ट्रासॉनिक आवाज सोडतं. मी ते माझ्या खिडकीच्या आत, काचेमागे ठेवलं, पाऊस लागू नये म्हणून. तीन दिवस काहीच फरक नाही. मग बाहेर कुंपणावर लावलं, तर पहिला आठवडा अगदी शांतता! दोन आठवड्यांनी पुन्हा भुंकणं सुरू, आता तर पेटीकडे तोंड करून भुंकतो.

आणि ज्याचा मला खरा त्रास होतोय तो वेगळाच. माझी स्वतःची छोटी कुत्री आता त्या बाजूच्या दाराने बाहेर जायलाच तयार नाही. ती कधीच भुंकत नव्हती. मी तिला इजा केली का?

---

मैदानी

शेजारीणताई, मी पंचवीस वर्षं कुत्र्यांना शिकवतो आहे. तुमच्याकडे घडलं ते मी बऱ्याच घरी पाहिलं आहे.

काचेमागे काही झालं नाही, कारण एवढा बारीक आवाज काचेतून जवळजवळ जातच नाही, आपटून परत फिरतो. दाट झुडूपही त्याचे तुकडे करतं. बाहेर लावल्यावर पहिला आठवडा तो दचकला. दचकणं ही शिकवण नव्हे. आवाज येतो, पण पुढे काहीच होत नाही हे त्याला कळलं, आणि तुम्ही-आम्ही घड्याळाच्या टिकटिकीकडे करतो तसं त्याने दुर्लक्ष केलं. ज्या कारणाने तो भुंकत होता, कंटाळा असेल, वाटेवरची माणसं असतील, ते कारण तसंच होतं.

तुमच्या कुत्रीचं मात्र उलट झालं. पेटी दुसऱ्याच्या भुंकण्याने वाजायची आणि आवाज हिच्या कानावर. हिने काय केलं म्हणून आवाज आला, याचा तिला काही मेळ लागेना. कशाशी तरी तो जोडणं भाग होतं, तिने दाराशी जोडला. पेटी आजच बंद करा. दाराजवळ तिचं आवडतं खाणं द्या, पहिले दिवस दार उघडू सुद्धा नका. काही आठवडे लागतील.

आता रानवाटताई. खर्जातलांनी हवेचा हिशोब बरोबर मांडला, पण मला एक गोष्ट राहिल्यासारखी वाटते. शिट्टी कुठल्याही सुराची असो, ती टिपूला "ये" असं जन्मतः सांगत नाही. घरात तो वळतो ते नवीन आवाजाचं कुतूहल आहे. ते शिकणं नव्हे. तुम्ही त्याला या शिट्टीवर येणं शिकवलंत का? शिट्टी वाजली, लगेच खाणं, असं जवळून, शांत जागी, दिवसाला आठ-दहा वेळा. मग अंतर थोडं थोडं वाढवत. बहुतेक लोक शिट्टी गळ्यात अडकवतात आणि थेट मैदानात फुंकतात.

मेंढ्या राखणारी कुत्री पाऊण-एक किलोमीटरवरून धन्याच्या शिट्टीवर डावी-उजवी वळतात. ती शिट्टी मुळीच मूक नसते, डोंगरापलीकडच्या माणसालाही ऐकू जाते. त्या मंडळींना मूक शिट्टीची गरज वाटली नाही हे लक्षात घ्या.

---

जुनापाना

खर्जातला, १९८३ ची मोजणी मला माहीत नव्हती, निष्कर्ष मागे घेतो. पण मग मूक शिट्टीला काही अर्थच नाही असं म्हणायचं का? लोक दीडशे वर्षं ती वापरत आहेत.

---

खर्जातला

नाही, अर्थ आहे. तीस-चाळीस मीटरच्या आत, शेजाऱ्यांना त्रास न देता, नीट शिकवलेल्या कुत्र्यासाठी ती उत्तम चालते. आणि मूक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक शिट्ट्यांचा स्क्रू बाहेर काढला की त्या सरळ माणसाला ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरतात. तेव्हा ती फेकून देऊ नका, स्क्रू फिरवा.

मैदानींच्या मुद्द्यात एक भर. आवाज ऐकू येणं वेगळं आणि कुठून आला ते कळणं वेगळं. आवाजाच्या दिशेत माणसाला साधारण एका अंशाचा फरक कळतो, कुत्र्याला मात्र मोजणीत सुमारे आठ अंशांचा लागला. सत्तर मीटरवर आठ अंश म्हणजे जवळजवळ दहा मीटर. त्यात एकाच सुराची सरळ, लांबलचक शिट्टी असेल तर दिशा ओळखणं आणखी अवघड. मूक शिट्टीवर काही कुत्री थांबून गोंधळल्यासारखी इकडे-तिकडे बघतात, त्याला आपण हट्टीपणा म्हणतो. तोडून तोडून, सूर वर-खाली करत वाजवलेली शिट्टी त्यांना शोधायला सोपी जाते. आणि हात वर करून दाखवा, बाकीचं डोळे करतील.

---

पशुवैद्या

सगळ्यांनी हवेबद्दल आणि शिकवण्याबद्दल लिहिलं, पण टिपू नऊ वर्षांचा आहे याकडे कुणी पाहिलं नाही.

कुत्र्यांतही वयाबरोबर ऐकणं उतरतं. आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ते मोजणीत दिसू लागतं, आणि आठ किलोहर्ट्झच्या वरच्या सुरांत ते जास्त जाणवतं. म्हणजे मूक शिट्टीचा जो पट्टा, तोच आधी झिजतो. घरातल्या हाका, दाराची कडी, ताटलीचा आवाज हे खालचे असल्याने मालकाला वर्षानुवर्षं काही कळत नाही. खर्जातलांच्या हिशोबातले उरलेले २८ डेसिबल तरुण कुत्र्याला शांत ठिकाणी कदाचित पुरतील. नऊ वर्षांच्या टिपूला ते पुरणार नाहीत असं मी धरून चालेन.

दुसरं, कानाची नळी. कुत्र्याची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. त्या वळणावर मळ आणि ओल साचते, आणि लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत जास्तच. कानाला वास येतो का, तो डोकं झटकतो का, कानामागे खाजवतो का, हे बघा. यातलं काही असेल तर तपासून घ्या, कापसाची काडी आत घालू नका.

घरी परीक्षा करायची तर तो झोपेत किंवा पाठमोरा असताना करा. तो तुम्हाला बघत असेल तर तुमचा हात तोंडाकडे गेला एवढ्यानेच तो वळेल, आणि तुम्हाला वाटेल शिट्टी ऐकली. पायाचा धक्का आणि फुंकरीची झुळूक सुद्धा त्याला कळते. खात्रीने मोजायचं असेल तर कानात आवाज सोडून मेंदूकडे जाणारे विजेचे संकेत टिपणारी तपासणी असते. ती प्रत्येक कानाची वेगळी होते. मात्र बऱ्याच ठिकाणी ती ठराविक टिकटिक आवाजावर करतात, त्यामुळे २० किलोहर्ट्झला काय ऐकू येतं हे तिच्यातून कळेलच असं नाही.

शेजारीणताई, तुमच्या कुत्रीच्या कानाला कुंपणाच्या अंतरावरून इजा झाली असण्याची शक्यता मला कमी वाटते. भीती मात्र खरी आहे आणि तीही त्रासच आहे. जवळून, कानाला लावून कुठलीही शिट्टी किंवा पेटी वाजवू नये हे सगळ्यांसाठी सांगते. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज सौम्य असतो असं नाही.

---

मैदानी

"भीती मात्र खरी" याच्याशी सहमत, पण पेट्यांबद्दल मी आणखी कडक आहे. त्या विकूच नयेत असं माझं मत.

---

खर्जातला

मैदानी, इथे मी थोडा वेगळा आहे. माणूस हातात धरून, कुत्र्याने नको ते केलं त्याच क्षणी एकदाच दाबतो ते यंत्र आणि भिंतीवरची आपोआप वाजणारी पेटी यांत मी फरक करतो. पहिल्यात निदान वेळ साधता येते.

---

मैदानी

वेळ साधणारा माणूस असेल तर त्याला यंत्र लागत नाही, टाळी पुरते. पण असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

---

शेजारीण

पेटी काल काढली. एक शंका राहिली: ती खरंच आवाज काढत होती का, की शेजारचा कुत्रा पहिल्या आठवड्यात तिच्या लुकलुकणाऱ्या दिव्यालाच बिचकला, हे कसं कळेल? माझ्या कानाला तर फक्त आतली बारीक टिक ऐकू यायची.

---

खर्जातला

फार योग्य शंका. ती टिक कुत्र्यालाही ऐकू येते, आणि दिवाही दिसतो. फोनवर २५ किलोहर्ट्झ दिसणार नाही. वटवाघळांचे आवाज ऐकवणारं यंत्र कुणाकडे असेल तर ते २५ वर लावून पेटीसमोर धरा, आवाज असेल तर ते लगेच बोलेल. तुमच्या कुत्रीवर मात्र आता हा प्रयोग करू नका.

---

रानवाट

आठ दिवसांनी परत आले. सांगितलं तसं सगळं केलं, ते क्रमाने लिहिते.

आधी फोन. स्क्रू होता त्याच जागी ठेवून मध्यम फुंकर मारली तर सुळका १७.५ ला. जोरात फुंकली तर १९ च्याही पुढे गेला आणि बुटका झाला. नट खरंच सैल होता, बोटाने फिरत होता. म्हणजे पंधरा दिवसांत मी टिपूला किती वेगवेगळे सूर ऐकवले कुणास ठाऊक.

मग घरातली परीक्षा. टिपू पाठमोरा पडलेला असताना भावाने दाराआडून शिट्टी वाजवली, मी फक्त बघत होते. केव्हा वाजवायची हे नाणं उडवून ठरवलं, म्हणजे मला आधी कळू नये. छापा आला तर तो वाजवायचा, काटा आला तर नुसता उभा राहायचा. १७.५ वर दहा वेळा वाजवली, टिपू चारदा हलला. न वाजवता उभा राहिला तेव्हाही दहातून दोनदा हलला. म्हणजे घरात तो "हमखास" वळायचा ते बरंचसं माझ्या हाताकडे बघून होतं, पशुवैद्याताईंचं अगदी बरोबर निघालं. दहाच वेळा केलं आहे, त्यामुळे चार आणि दोनमध्ये फार अर्थ काढत नाही.

नंतर स्क्रू बाहेर काढून ७ किलोहर्ट्झला आणला, नट पकडीने आवळला आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, हलला तर दिसावा म्हणून. तीच परीक्षा, त्याच दाराआडून: दहापैकी नऊ वेळा वळला.

पाच दिवस घरात आणि अंगणात शिट्टी-खाणं, शिट्टी-खाणं केलं, दोन तोडलेल्या छोट्या शिट्ट्या असा ठरावीक नमुना ठेवला. काल मैदानात शंभर पावलांवर नेलं. सहा वेळा वाजवली, पाच वेळा आला. सहाव्यांदा तो वाऱ्याच्या दिशेला होता आणि एका बिळात तोंड घालून बसला होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. तो माझ्या उजवीकडे असला की सरळ माझ्याकडे येतो. डावीकडे असला की आधी उलट्या बाजूला वळतो, मग मला शोधतो. तीनदा असं झालं.

---

पशुवैद्या

रानवाटताई, डावं-उजवं तुमचं सांगू नका, त्याचं सांगा. शिट्टी वाजते तेव्हा त्याचा कोणता कान तुमच्याकडे असतो? एका कानाचं ऐकणं गेलं की आवाज ऐकू येतो पण दिशा चुकते, आणि तो नेहमी चांगल्या कानाच्या बाजूला वळतो. दोन्ही कानांत मळ आहे का ते आधी बघून घ्या.

---

रानवाट

बहुतेक त्याचा डावा कान माझ्याकडे असताना चुकतो, पण खात्री नाही. उद्या भावाला वही घेऊन उभा करते आणि प्रत्येक वेळचं लिहून ठेवते. तपासणीची वेळ गुरुवारची घेतली आहे.